रॅम वाढवण्याआधी: क्रोमचे टॅब आणि एक्स्टेन्शन यांतलं नेमकं काय उतरवायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीत आठवी ते दहावीच्या विज्ञान-गणिताच्या शिकवण्या घेते. निम्मी मुलं ऑनलाइन असतात. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११, ब्राउझर क्रोम. तास सुरू करून स्क्रीन शेअर केली की थोड्या वेळाने माझा आवाज तुटायला लागतो. दुसऱ्या टॅबवर गेलं की पान काही क्षण पांढरंच राहतं आणि पंखा जोरात फिरतो. वायफाय तपासलं, त्याच वायफायवर फोनवरून कॉल अगदी नीट चालतो.

दुकानदार म्हणाले, आणखी ८ जीबी टाका. सध्या रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे पैसे घालण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. माझ्याकडे वीसेक टॅब कायम उघडे असतात आणि पाच एक्स्टेन्शन आहेत. न वापरलेले टॅब झोपवणारं क्रोममधलं Memory Saver चालू आहे, तरी फरक दिसत नाही. यातलं काय काढलं तर खरोखर उपयोग होईल? आणि रॅम घ्यावीच लागेल हे कशावरून ओळखायचं?

पेणचा विनय
८ जीबी आता कमीच पडते. रॅम टाका आणि मोकळ्या व्हा.

नानाकाका
ताई, सी ड्राइव्ह भरला असेल. जुने फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा. माझा लॅपटॉप असाच चालेना झाला होता, ४० जीबी मोकळी केल्यावर एकदम सुधारला.

कृष्णाकाठ
काका, सी ड्राइव्हवर निम्मी जागा रिकामी आहे. माझा प्रश्न साठवणुकीच्या जागेचा नाही, रॅमचा आहे.

कळफलक
विनय, रॅम घ्यावी लागेलही, पण आधी मोजू या. ब्राउझरच्या चाचण्या हेच माझं रोजचं काम आहे, आणि न मोजता केलेली साफसफाई बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते.

कृष्णाकाठताई, तासाला जे जे उघडं असतं ते सगळं उघडा, कॉलसुद्धा. मग क्रोम समोर असताना Shift + Esc दाबा. हा क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर. त्यात Memory footprint या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जड ओळी वर येतात. त्यानंतर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा (Ctrl + Shift + Esc), Performance मध्ये Memory वर जा आणि In use व Committed हे दोन आकडे टिपा. दोन्हींकडचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. क्रोम डिस्कवर ढकललेली मेमरीसुद्धा टॅबच्या नावावर धरतो, विंडोजच्या Processes यादीत ती दिसत नाही. त्यामुळे आधीची आणि नंतरची तुलना करताना एकाच खिडकीतले आकडे घ्यायचे.

रानवाटा
मला हे पटत नाही. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. क्रोम मोकळी जागा बघून वापरतो, दुसऱ्या कुणाला लागली की सोडतो. आकडे बघून घाबरायचं कारण नाही.

कळफलक
रानवाटा, विंडोज ज्याला Cached म्हणतो त्याच्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती रॅम मागताक्षणी मोकळी होते. टॅबने घेतलेली मेमरी मात्र तशी सुटत नाही. पानाचा मजकूर, चित्रं, स्क्रिप्टचा डेटा, हे टॅबच्या मालकीचं असतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. जागा कमी पडली की विंडोज आधी ती दाबून लहान करतो, तरी पुरेना झाली की डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहितो. परत त्या टॅबवर गेलं की ती डिस्कवरून वाचावी लागते. ताईंना पांढरं पान दिसतं ते याच वेळेला, असा माझा अंदाज आहे. आकडे आले की कळेल.

इचलकरंजी_मार्केट
माझंही असंच होतं. सकाळी सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत शेअरचे सहा-सात चार्ट उघडे असतात. सकाळी हलके असतात, दुपारपर्यंत एकेक टॅब १ जीबीच्या वर जातो. Memory Saver लावलं तर चार्ट झोपी गेला आणि किमतीचा अलर्ट आलाच नाही. आता बंद करून ठेवलंय. चार्टवाल्यांनी काय करायचं?

कळफलक
तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. दिवसभर आकडा चढत जाणं म्हणजे पान जुना डेटा सोडत नाहीये. असा टॅब मधल्या वेळेत एकदा रीलोड केला की आकडा खाली येतो. तो खाली आला तर गळती त्या पानाची आहे हे नक्की, आणि तिथे रॅम वाढवून फक्त वेळ पुढे ढकलली जाते. Memory Saver पूर्ण बंद करायची गरज नव्हती. chrome://settings/performance मध्ये Always keep these sites active अशी यादी आहे, तिथे चार्टची साइट टाका. बाकीचे टॅब झोपू द्या.

कृष्णाकाठ
मोजलं. काल संध्याकाळी एका मैत्रिणीला कॉलवर घेऊन, नेहमीचं सगळं उघडून पाहिलं.

क्रोमच्या ओळींची बेरीज साधारण ४.३ जीबी. सगळ्यात वर व्हिडिओ कॉल ६१० एमबी, मग GPU Process ४२०, पाठ्यपुस्तकाची एक पीडीएफ ३८०, मेल ३४०, ब्राउझर स्वतः ३३०, दुसरी पीडीएफ २९०. खाली Subframe असं लिहिलेल्या बऱ्याच ओळी आहेत, त्या कशाच्या कळलं नाही. एक्स्टेन्शन: जाहिराती अडवणारं ११०, इंग्रजी व्याकरण तपासणारं ९५, खरेदीची कूपन शोधणारं ७०, स्क्रीनशॉटचं ६०, मराठी टायपिंगचं ४०.

विंडोजमध्ये In use ७.२ जीबी (एकूण ७.७ दाखवतो, ८ नाही), Committed १२.६/१५.१.

म्हणजे पाचही एक्स्टेन्शन मिळून ३७५ एमबी. ४.३ जीबीपुढे हे काहीच नाही. मग टॅबच कमी करायचे ना?

पेणचा विनय
७.७ पैकी ७.२! सांगत होतो.

कळफलक
ताई, फार व्यवस्थित टिपलंत. ७.७ दिसतात कारण उरलेली रॅम अंगभूत ग्राफिक्ससाठी राखीव असते, त्यात बिघाड काही नाही. Subframe म्हणजे पानाच्या आत बसवलेलं दुसऱ्या साइटचं पान. बहुतेक वेळा जाहिरात, नाहीतर व्हिडिओचा डबा. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली, तेव्हापासून क्रोम वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये ठेवतो, म्हणजे एका साइटला दुसरीचा डेटा चोरता येऊ नये. या वेगळेपणामुळे मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. ही किंमत द्यावीच, ती वाचवायच्या मागे लागू नका.

आता एक्स्टेन्शनचे ३७५. इथे जवळजवळ सगळे फसतात. ती ओळ एक्स्टेन्शनच्या पाठीमागे चालणाऱ्या भागाची आहे. पण व्याकरण तपासणारं किंवा कूपन शोधणारं एक्स्टेन्शन उघडलेल्या प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घुसवतं. त्या स्क्रिप्टची मेमरी एक्स्टेन्शनच्या नावावर पडत नाही, त्या टॅबच्या नावावर पडते. वीस टॅब असतील तर वीस वेळा. शिवाय नवीन पद्धतीच्या एक्स्टेन्शनचा पाठीमागचा भाग ३० सेकंद काम नसेल तर बंद होतो. म्हणजे यादीत ओळ दिसत नाही म्हणून ते एक्स्टेन्शन काहीच खात नाही, असंही नाही.

हे पकडायचं कसं? उजवीकडे वरच्या प्रोफाइलच्या चित्रावरून Guest खिडकी उघडा. तिथे तुमचं एकही एक्स्टेन्शन चालत नाही. लॉगिन न लागणारं एखादं साधं पान दोन्हीकडे उघडा, मिनिटभर थांबा आणि Shift + Esc मध्ये दोन ओळींची तुलना करा. एक बातम्यांचं पानही करून बघा.

सोनचाफा
एवढी यातायात कशाला? रॅम क्लीनरची छोटी सॉफ्टवेअर मिळतात. एक बटण दाबलं की २ जीबी मोकळी. मी वापरते, आकडा लगेच खाली येतो.

कळफलक
सोनचाफा, आकडा खाली येतो हे खरं. पण ते सॉफ्टवेअर चालू प्रोग्रॅमना त्यांचा डेटा रॅममधून बाहेर ठेवायला लावतं. टॅबचा डेटा नाहीसा होत नाही, तो बाजूला जातो किंवा डिस्कवर जातो. तुम्ही त्या टॅबवर गेलात की सगळं परत यायला लागतं. बटण दाबल्यावर Committed चा आकडा बघा, तो जवळपास हलणार नाही. ताईंच्या वर्गात मध्येच हे केलं तर आवाज आणखी तुटेल.

सोनचाफा
Committed पाहिला, खरंच हलला नाही. पण मला काम हलकं झाल्यासारखं वाटतं हेही तितकंच खरं आहे.

रानवाटा
टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन टाका की. पूर्वी द ग्रेट सस्पेंडर सगळेच वापरायचे.

गोदातीर
ते नको. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने घातक म्हणून ते सगळ्यांच्या क्रोममधून बंद केलं. झोपवलेल्या टॅबचे पत्ते त्या एक्स्टेन्शनच्या पत्त्यात गुंडाळलेले होते, त्यामुळे लोकांचे टॅब उघडेनात. आता ही सोय क्रोममध्येच आहे, एजमध्येही Sleeping tabs आहेत. सगळी पानं वाचायची परवानगी एका अनोळखी एक्स्टेन्शनला कशाला द्यायची?

कृष्णाकाठ
Guest खिडकीत पाहिलं. मराठी विकिपीडियाचा एक लेख माझ्या नेहमीच्या खिडकीत १६५ एमबी, Guest मध्ये ८५. जवळजवळ दुप्पट! पण बातम्यांचं पान उलटं निघालं. माझ्याकडे ३१०, Guest मध्ये ४२०, आणि Subframe च्या ओळी वेगळ्याच. हे कसं?

गोदातीर
जाहिराती. तुमचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन ज्या मेमरीत बसतं त्यापेक्षा जास्त त्या पानावर वाचवतं. म्हणून मी ते कधीच काढू देणार नाही.

कळफलक
बातम्या वाचणाऱ्यासाठी गोदातीर म्हणतात ते बरोबर. पण ताईंच्या वीस टॅबमध्ये बातम्यांचे किती? मेल, ड्राइव्ह, पीडीएफ, विकिपीडिया यांत अडवायला फारसं काही नाही, तिथे ते फक्त बसून राहतं. मी असते तर ते ठेवलं असतं आणि बाकीच्या चारांकडे पाहिलं असतं.

chrome://extensions उघडा. एकेक एक्स्टेन्शन बंद करा आणि विकिपीडियाचं तेच पान रीलोड करून आकडा पाहा. रीलोड विसरू नका, कारण आधी घुसलेली स्क्रिप्ट पान पुन्हा उघडेपर्यंत तिथेच राहते. जिथे आकडा मोठा पडतो ते तुमचं जड एक्स्टेन्शन. ते हवंच असेल तर काढू नका, Details मध्ये जाऊन साइटची परवानगी On all sites ऐवजी On click करा किंवा On specific sites निवडून एकदोन साइट द्या. मग ते फक्त तिथेच जाईल. आणि ८० एमबी गुणिले वीस असा हिशेब करू नका. काही टॅब एकाच प्रक्रियेत असतात, प्रत्येक पानावर भार सारखा नसतो. प्रत्यक्षात त्याहून कमी सुटेल.

Memory Saver चा फरक का दिसत नाही, याचं कारण मला तुमच्या टॅबमध्येच दिसतंय. पिन केलेले टॅब, सूचना पाठवायची परवानगी असलेल्या साइट, अर्धवट भरलेले फॉर्म, आवाज किंवा कॉल चालू असलेली पानं, यांना क्रोम झोपवत नाही. तुमचे किती टॅब पिन केलेले आहेत?

कृष्णाकाठ
सात! मेल, हजेरीची शीट, दोन्ही पीडीएफ, वेळापत्रक, आणि आणखी दोन. पिन केलं की हलकं होतं असा माझा समज होता. आणि सूचनांना तर बऱ्याच साइटना होकार दिलेला आहे.

मिलवॉकीची_रेवा
माझे अनुभव फायरफॉक्सचे. तिथे पत्त्याच्या जागी about:processes लिहिलं की क्रोमसारखीच यादी मिळते, आणि about:unloads मध्ये Unload बटण दाबून टॅब एकेक करून उतरवता येतात. कामाच्या लॅपटॉपवर माझी क्रोमची दोन प्रोफाइल उघडी असायची, एक ऑफिसचं, एक घरचं. दोन्हीकडे एक्स्टेन्शन वेगवेगळी चालतात हे फार उशिरा लक्षात आलं. घरचं प्रोफाइल बंद केल्यावर तिथे मोठा फरक पडला.

इचलकरंजी_मार्केट
क्रोम सोडून एजवर गेलं तर? की ब्रेव्ह?

गोदातीर
तिन्हींचं इंजिन एकच, क्रोमियम. तेच चार्ट तेवढीच मेमरी मागणार. झोपवायचे नियम आणि सोबत येणाऱ्या गोष्टी थोड्या वेगळ्या, एवढंच. दोन ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवणं मात्र नक्की महाग पडतं.

पीडीएफवाली_मास्तरीण
कृष्णाकाठ, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मीही टॅबमध्ये उघडायचे. आता डाउनलोड करून ठेवते आणि वेगळ्या हलक्या रीडरमध्ये उघडते. ज्या धड्याचा तास असेल तेवढीच पानं प्रिंट टू पीडीएफ करून वेगळी फाइल केली तर आणखी बरं पडतं. मुलांना पाठवायलाही तीच उपयोगी येते.

लॅमिंग्टन_रोड
मी हार्डवेअरवाला, म्हणून माझं काम सांगतो. ताई, त्याच Memory च्या पानावर Slots used आणि Form factor लिहिलेलं असतं. Form factor मध्ये SODIMM असेल तर पट्टी बदलता येते. Row of chips असेल तर रॅम बोर्डावर जोडलेली आहे, ती काढता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये अर्धी जोडलेली असते आणि एक जागा मोकळी असते. 2 of 2 दिसलं आणि दोन्ही ४-४ च्या पट्ट्या असतील, तर एक काढून ८ ची लावावी लागेल, म्हणजे १६ नाही, १२ होतील. दुकानदाराने हे पाहून भाव सांगितला का ते विचारा. आणि 1 of 2 असेल तर दुसरी पट्टी टाकल्यावर दोन मार्गांनी काम होतं, अंगभूत ग्राफिक्सला त्याचा वेगळा फायदा होतो. म्हणून नुसतं 'टॅब बंद करा' म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही.

कृष्णाकाठ
Slots used: 1 of 2, SODIMM. म्हणजे वाट मोकळी आहे, फक्त कधी घ्यायची हा प्रश्न.

आता इकडचं सांगते. व्याकरणवालं सगळ्यात जड निघालं, ते फक्त मेलच्या साइटपुरतं ठेवलं. कूपनवालं काढलं. स्क्रीनशॉटचं काढलं, Windows + Shift + S ने तेच काम होतं. मराठी टायपिंगचं On click केलं. पिन सगळे सोडवले, सूचनांची परवानगी फक्त मेलला ठेवली, Memory Saver मध्ये Maximum निवडलं. पीडीएफ बाहेरच्या रीडरमध्ये. कॉलमधली मागची भिंत धूसर करायची सोय बंद केली. वर्षभराचे संदर्भाचे टॅब Ctrl + Shift + D ने एका फोल्डरमध्ये बुकमार्क करून बंद केले.

तशीच चाचणी पुन्हा घेतली. क्रोम ४.३ वरून २.६ जीबी. In use ६.१. Committed १०.४. अर्धा तास स्क्रीन शेअर केली, मैत्रीण म्हणाली आवाज एकदाही तुटला नाही. पण Committed अजून ७.७ च्या वरच आहे. मग रॅम कमीच आहे ना?

पेणचा विनय
१.७ जीबी नुसती साफसफाई करून? मानलं. तरी १०.४ हे ७.७ पेक्षा जास्तच आहे.

कळफलक
विनय, ताई, Committed म्हणजे प्रोग्रॅमनी राखून मागितलेली मेमरी. त्यातली बरीच ते कधी हातही लावत नाहीत. म्हणून ती रॅमपेक्षा जास्त असणं हा एकटा पुरावा पुरेसा नाही. बघायचं ते हे की विंडोजला डिस्कवरून परत किती वेळा वाचावं लागतंय. Start मध्ये resmon लिहा, Memory टॅब उघडा, उजवीकडे Hard Faults/sec चा आलेख आहे. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळतोच, ते साहजिक आहे. पण तास चालू असताना, तुम्ही फक्त बोलताय आणि पान उलटताय, तेव्हाही तो सतत वर राहत असेल तर रॅम खरोखर कमी पडतेय.

लॅमिंग्टन_रोड
मला अजूनही वाटतं की पुढच्या वर्षभरात त्यांना १६ लागेल. एक्स्टेन्शन कमी झाली तरी पानं जड होतच जाणार.

कळफलक
तेही शक्य आहे. पण जड एक्स्टेन्शन, पिन केलेले टॅब आणि पीडीएफ तसेच ठेवून १६ केले असते, तर त्यातलेही पावणेदोन जीबी तिकडेच गेले असते.

कृष्णाकाठ
गुरुवारी दहावीचा प्रकाशाच्या अपवर्तनाचा तास आहे. त्यात कॉल, पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये चालणारं भिंगांचं सिम्युलेशन, तिन्ही एकत्र लागतात. याआधी अडकायचं ते नेमकं तिथेच. तेव्हा resmon उघडा ठेवते.

कळफलक
resmon तास सुरू व्हायच्या आधीच उघडा, कारण आलेख फक्त शेवटचा मिनिटभर दाखवतो. शेजारी क्रोमचा टास्क मॅनेजरही राहू द्या आणि सिम्युलेशनच्या ओळीवर नजर ठेवा. सुरुवातीचा आकडा आणि तासाच्या शेवटचा आकडा इथे लिहा. तो एकटाच चढत गेला असेल तर इचलकरंजीच्या चार्टसारखं मधे रीलोड करून भागेल. तो स्थिर राहिला आणि Hard Faults तरीही वर असतील, तर दुकानदाराकडे जा.

इचलकरंजी_मार्केट
चार्टची साइट यादीत टाकली, अलर्ट आले. दुपारी साडेबाराला रीलोड केल्यावर एक टॅब १.१ जीबीवरून ३६० एमबीवर आला. रीलोड केलं की आखलेल्या रेषा जातात मात्र, त्या सेव्ह करून ठेवायला कुणाला काही युक्ती माहीत आहे का?